मल्हार गाता गाता वसंत आला

मंडळी, आज गाण्याच्या क्लासमध्ये मी पावसाळ्याचा राग गायले, मियाँ मल्हार. बाईंना पटला तरच रविवारच्या कार्यक्रमात गायला मिळणार होतं.

मध्येच थांबवून बाई म्हणाल्या, "अहो, छत्री मिटा. वसंत आला."

झालं असं की, मल्हार आणि वसंतातला राग बहार, दोघांचे सूर तेच: कोमल गंधार, दोन्ही निषाद. मी घाईत गंधारावरून टुणकन मध्यमावर गेले आणि बहार झाला!

"गंधार सावकाश डोलवा. भरलेला ढग कधी पळतो का?"

डोळे मिटून डोलवला. दोन्ही निषाद घोळवत हळूहळू षड्जावर आले.

बाई उठल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. बाहेर रखरखीत ऊन होतं.

"भिजेल सगळं," म्हणाल्या.

रविवारी छत्र्या घेऊन येताय ना?