गॅसवरची गाडी

माझ्या मोठ्या बहिणीने वर्ध्यात बायकांसाठी मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढायचं ठरवलं, तेव्हा दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. दुसऱ्याच्या स्कूलमध्ये शिकवून तिचा हात बसला होता. आता हवी होती स्वतःची गाडी. जुनी चालली असती, पण कशावर चालणारी, यावर आमच्या घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता.

तिचा हिशेब साधा होता. सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला चाळीसेक किलोमीटर, तेही सगळे गावात. बजाज चौक, स्टेशन, पिपरी मेघेचा रस्ता. पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा ब्रेक. शिकणारी बाई चौकात गाडी बंद पाडणार, मागचे हॉर्न वाजवणार, गाडी पुन्हा सुरू करायची. अशा चालीत पेट्रोल किती पिणार, याचीच ताईला धास्ती.

आमच्या ओळखीचे एक गॅरेजवाले काका होते. त्यांनी तिला समजावलं, "डिझेलचा खर्च कमी येते, खरं हाये. बंदही लवकर पडत नाई. पण गाडीच महाग, सर्व्हिसिंग महाग. रोज नागपूरले जाऊन येत असती तर मी म्हटलं असतं घे डिझेल. चाळीस किलोमीटरमंदी तो फरक निंगाले वर्षं लागतीन. अन् जुन्या डिझेल गाड्या भेटतात त्या टॅक्सीत झिजलेल्या."

"मग सीएनजी?" ताईने विचारलं. मुंबईला आमची मावशी राहायची, तिच्याकडे सगळ्या टॅक्सी त्यावर चालतात, स्वस्त पडतं, हे ती ऐकून होती.

"तो गॅस इकडे पंपावर भेटतच नाई ना बापा. भरशील कुठून?"

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात नागपूरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानदाराचा निरोप आला. छोटी पांढरी गाडी, एकाच मालकाने वापरलेली, 'पेट्रोल आणि गॅस, दोन्हीवर चालणारी'. ताई, आई आणि मी, तिघी बसने नागपूरला गेलो.

दुकानदार पन्नाशीचा, गोड बोलणारा होता. डॅशबोर्डखाली एक बटण होतं, ते त्याने इकडून तिकडे केलं. इंजिनचा आवाज जराही बदलला नाही.

"हे सीएनजी आहे का?" ताईने स्पष्ट विचारलं.

"गॅसच आहे ताई. आपल्याकडे सब यही चलता है."

"पण वर्ध्यात भरायचा कुठे?"

"त्याची चिंता करू नका. माणूस घरी येऊन देऊन जाते. पेट्रोलच्या अर्ध्यात काम होते."

ताईने त्याच दिवशी गाडी घेतली. येताना ती चालवत होती, आई पुढे, मी मागे एकटी. मागच्या सीटच्या पाठीमागे कार्पेट लावलेली एक फळी होती. बुटीबोरी सोडल्यावर मी आरामात मागे रेलले, फळीला डोकं टेकवलं आणि सेलू येईपर्यंत झोपले.

पवनारला धामच्या पुलाजवळ आई म्हणाली, "काहीतरी कुजल्यासारखा वास येऊन राह्यला गं."

"नदीचा असेल," ताई म्हणाली. आम्ही काचा खाली केल्या.

घरी आल्यावर आईने गाडीची पूजा केली. बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग ताटात कापूर पेटवला आणि गाडीभोवती फिरली. मागे डिकीपाशी थोडी जास्तच थांबली, कारण शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या की मागूनही ओवाळावं. कापराची ज्योत डिकीच्या फटीपासून वीतभर अंतरावर होती. मी तिथेच प्रसादाच्या वाट्या घेऊन उभी होते.

शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक लागतात. ते बसवून घ्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडी काकांच्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी पुढचं दार उघडलं, हुंगलं आणि थेट मागे गेले. डिकी उघडून ती कार्पेटची फळी त्यांनी बाहेर ओढली.

आत लाल सिलिंडर होता. आमच्या ओट्याखाली असतो तोच, तसाच. आडवा झोपवलेला, दोन लोखंडी पट्ट्यांनी बांधलेला, तोंडाला स्वयंपाकघरातली रबरी नळी.

काकांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला. शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग चालू होतं. ते तिकडे तोंड करून ओरडले, "बंद कर! पयले ते बंद कर!" मग आमच्याकडे वळून, "बाहेर निंगा. मोबाईलले हात लावू नका. निंगा म्हणतो ना!"

त्यांनी सिलिंडरचा कॉक फिरवून बंद केला, चारही दारं उघडली आणि इंजिन सुरू न करता तिघाचौघांनी गाडी ढकलत मोकळ्या मैदानात नेली. आम्ही रस्त्यापलीकडे उभ्या होतो.

बऱ्याच वेळाने काका आले. "हा सीएनजी नाई ताई. सीएनजीची टाकी जाड पोलादाची राह्यते, दोघांनी उचलावी लागते. अन् तो गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर उडून जाते. हा सैपाकाचा गॅस जड. खाली साचते, गाडीतच बसून राह्यते. अन् आडवा ठेवला का गॅसच्या जागी पातळच नळीत येते. एक ठिणगी लागली असती..."

मला आईचं कापराचं ताट दिसलं. ज्या फळीला डोकं लावून मी झोपले होते, तिच्या पलीकडे हे होतं.

दुपारी ताई आणि मी बसने नागपूरला गेलो. दुकानात शिरताच ताईचा आवाज चढला. "तुम्ही आम्हाला बॉम्ब विकलात! माझी आई होती गाडीत!"

मला वाटलं, माणूस नाकबूल करेल, भांडेल. तो चकितच झाला.

"बॉम्ब? ताई, काहीतरीच. हे किती वर्षांपासून चालू आहे." त्याने दुकानाबाहेर बोट दाखवलं. तिथे तशीच एक गाडी उभी होती. "ती माझी. माझी पोरगी रोज तिच्यातच शाळेत जाते."

फसवणुकीसाठी ताई तयार होती, याच्यासाठी नव्हती. तो माणूस खोटं बोलत नव्हता, आणि ते जास्त भयंकर होतं. ती बाहेर गेली, त्याच्या गाडीची डिकी स्वतः उघडली आणि त्याला जवळ बोलावून वाकून वास घ्यायला लावला. काकांनी जे सांगितलं होतं, ते सगळं तिने त्याला सांगितलं. कापराचंही सांगितलं. त्याने ऐकलं. मग दुकानाच्या पायरीवर बसला, आणि थोड्या वेळाने माणूस बोलावून त्याने आमच्यासमोर स्वतःच्या गाडीतला सिलिंडर काढायला लावला. आमचा व्यवहार त्याने रद्द केला आणि पैसे परत दिले.

ताईने पुढे साधी पेट्रोलची गाडी घेतली. चौकाचौकात बंद पडायची, पेट्रोल प्यायची. पण क्लच हलका होता, आणि घाबरत आलेल्या बायकांचा पाय त्यावर लवकर बसायचा. स्कूल चांगलं चाललं. खर्च जास्त होतो म्हणून ती कुरकुरायचीही.

आई मात्र त्या नव्या गाडीची पूजा करायला तयार झाली नाही. "मी नाई ओवाळत," म्हणाली, आणि बॉनेटवर नुसतं एक फूल ठेवून घरात निघून गेली.