इंदुताईच्या खात्यातून गेलेले पैसे

आरमोरीच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात भाषण ठेवलं, की मागची ओळ हमखास घोरते. त्या दिवशी कोणी घोरलं नाई. बँकेतून रिटायर झालेले प्रफुलभाऊ परदेशी चलनाच्या ट्रेडिंगवर बोलून राह्यले होते, आन् मी सचिव म्हणून बाजूले बसलो होतो.

"डॉलरचा भाव उद्या काय राहीन, हे कोणालेच ठाऊक नसते," ते म्हणाले. "मंग महिन्याले दहा टक्के पक्के देतो म्हणणारा कुठून देईन? रिझर्व्ह बँकेनं बिनपरवानगीच्या ॲपची यादी टाकली आहे. पण यादीत नाव नाई म्हणून ॲप खरं, असं समजू नका. पयले थोडे पैसे परत देतात, तुमचा भरवसा बसते. मोठी रक्कम काढाले गेले, की आधी टॅक्स भरा म्हणतात."

इथी पहिल्या ओळीतल्या इंदुताईनं पदर तोंडाले लावला.

तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई. दारोदार फिरून लेकरांले डोस पाजले तिनं. इंदुताई म्हणते म्हणजे बरोबर, असं तिच्या टोलीतल्या घराघरात आजही मानतात. भाषण संपल्यावर तिनं मले मोबाइल दाखवला. रिटायरमेंटचा एक लाख ॲपात दोन लाख दिसत होता, आन् खाली लिहिलं होतं, अठरा टक्के टॅक्स भरा.

माझं टाळकंच सरकलं. "मले एका शब्दानं विचारता नाई आलं काय?"

"माये पैसे जाऊ द्या, भाऊ," ती म्हणाली. "बचत गटातल्या चौघींचेही आहेत. त्यायच्याजवळ असा मोबाइल नाई. मी आपल्या खात्यात घेतले आन् पुढे पाठवले. पयल्या महिन्यात तीन हजार आले, तेही मीच घरोघरी वाटले."

डोस वाटावे तसे वाटले बाईनं. मले रागही आला, रडूही आलं.

प्रफुलभाऊंनी एक रुपयाही पुढे भरू नका म्हणून बजावलं आन् सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० नंबरले फोन लावून दिला. पैसे कधी गेले, तिकडच्या माणसानं विचारलं. पाच महिने झाले, ती म्हणाली. त्यानं तक्रार लिहून घेतली. लगेच कळवलं असतं तर अडवता आले असते, आता सांगता येत नाई म्हणाला. कोणाच्या खात्यातून गेले, हेही विचारलं. "माझ्या," इंदुताई म्हणाली. चौघींचं नाव कुठंच नव्हतं. कागदावर पाठवणारी ती एकटीच.

तेवढ्यात मागच्या ओळीतून उठून सोमारी आली, त्या चौघींतली एक. मोहफुलं विकून जमवलेले पंधरा हजार तिनं दिले होते. सारं भाषण तिनं मन लावून ऐकलं होतं.

"कसे फसतात ना बाई लोकं," ती इंदुताईजवळ बसत म्हणाली. "आपलं बरं आहे. मी तर त्या मोबाइलवाल्याले दिलेच नाई. तुमच्या हातात दिले."

इंदुताई माझ्याकडे पाहत राह्यली.