तांड्याच्या पाण्याच्या चार नळ्या

डोंगरसिंगबद्दल लोक आज काहीबाही बोलतात. कोणी म्हणते तो चोर होता, कोणी म्हणते डोक्यानं गेला. मी त्याच्यासोबत यवतमाळच्या पाणी तपासणीच्या खोलीत पाच वर्षं काढली. तो तपासत होता, मी नळ्या धूत होतो. म्हणून मी सांगतो ते ऐका, मंग ठरवा.

त्याचा तांडा नेरकडे. तांड्यातला पहिला बी. एस्सी., अमरावतीच्या कॉलेजातला. ऑफिसात त्याले खुर्ची होती, पण चहाचा कप वेगळा होता. तो कप मीच धुऊन वेगळा ठेवत होतो, कायले लपवू. तो त्याच कपात चहा पिऊन कामाले लागे.

तांड्याच्या विहिरीचं पाणी गोड लागे, पण हाडं खाई. पोरांचे दात तपकिरी, अन् चाळिशीच्या माणसाची पाठ अशी आखडे का मान वळवाची तर अख्खं अंग वळवा लागे. त्याची माय सुखीबाई तर जमिनीकडे पाहूनच चाले. पाण्यात फ्लोराईड आहे, हे डोंगरसिंगनं ओळखलं. लिटरमागं दोन मिलिग्रामच्या वर निघालं, तर सरकार ती विहीर बंद करून नदीकाठी नवी खोदून देणार होतं. त्यानं वर्षभर अर्ज केले. त्याची पोरगी लाली तेव्हा तीन वर्षांची, तांड्यातच आजीजवळ राहे. तो मले म्हणे, किसनराव, तिचे पाय अजून सरळ आहेत, अजून वेळ आहे.

एकोणीसशे त्रेसष्टच्या एप्रिलात आमच्या ऑफिसचे वाकणकर साहेब स्वतः बाटली भराले निघाले. डोंगरसिंगनं मायले निरोप धाडला, साहेब येऊन राह्यले, विहिरीवर साफसफाई ठेवजा. झालं. त्या निरोपानंच घात केला, बाप्पा. पाहुण्यासमोर गढूळ पाणी कसं ठेवाचं म्हणून सुखीबाईनं घराघरातून तुरटी गोळा केली, बाजारातून आणखी आणवली, अन् आदल्या संध्याकाळी पाच शेर तुरटी विहिरीत घुसळून टाकली. सकाळी साहेबानं पाणी पाह्यलं अन् म्हटलं, वा, छान आहे की. पंचांसमोर बाटली भरली, लाखेनं सील केली.

बाटली आमच्याकडे आली. तपासणीची रीत अशी. नळीत पाणी घ्याचं, त्यात लाल रंगाचं औषध टाकाचं, तासभर थांबाचं. फ्लोराईड जितकं जास्त, तितका लाल रंग उडून पिवळा होतो. मंग साध्या शुद्ध पाण्यात मापून फ्लोराईड टाकलेल्या नळ्यांशी तो रंग ताडून पाहाचा. तांड्याचं पाणी निघालं शून्य पॉइंट आठ. म्हणजे चांगलं, प्या खुशाल.

डोंगरसिंग नळी हातात धरून उभाच राह्यला. त्याच्या मायची पाठ खोटी होती का? मंग त्याले बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ दिसला. रविवारी तांड्यात जाऊन आला, अन् तुरटीचं ऐकून आला. मायले काही बोलला नाही, मले मात्र सारं उलगडून सांगितलं. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम फ्लोराईडले धरून ठेवते, औषधापर्यंत पोहोचू देत नाही. विष पाण्यातच असते, रंगाले दिसत नाही. असं पाणी उकळून, वाफ धरून तपासाची सोय असते, पण आमचं ते काचेचं भांडं जानेवारीतच फुटलं होतं. त्यानं साहेबाले म्हटलं, दुसरी बाटली आणू. साहेब म्हणे, पंचांसमोर सील झालेलीच खरी, अन् नव्या विहिरी ठरवाची कमिटी मंगळवारी आहे.

मंग त्यानं जे केलं, ते मी डोळ्यानं पाह्यलं. सोमवारी सकाळी चार नळ्या मांडल्या. चारहीत तांड्याचंच पाणी, सारखं मोजून. पहिलीत काही नाही. दुसरीत लिटरमागं दोन मिलिग्राम होईल इतकं फ्लोराईड टाकलं, तिसरीत चार, चौथीत सहा. चारही नळ्या सारख्या भरल्या, सारखंच औषध. तासाभरानं दुसरी दोननं वाढाले पाहिजे होती ना? अर्ध्या मिलिग्रामनंच वाढली. तिसरी एकनं, चौथी दीडनं.

मी म्हटलं, फसलं का काय. तो हसला. म्हणे, किसनराव, आपण टाकलेलंच ह्या पाण्यात पाव दिसून राह्यलं, मंग आधीपासून जे होतं तेही पावच दिसलं ना. त्यानं चौकटीच्या कागदावर चार ठिपके मांडले. चारही एका रेघेत. ती रेघ मागं ओढत नेली, दिसणारा आकडा शून्य होईल तिथपर्यंत, अन् बोट ठेवलं. तीन पॉइंट दोन. शुद्ध पाण्याशी ताडणं इथं चालतच नाही, म्हणे, ह्या पाण्याचं माप ह्याच पाण्यात घ्या लागते. मले, सातवी नापास माणसाले, ते पोटात उतरलं. रजिस्टरात त्यानं सगळं लिहिलं, काय टाकलं, किती टाकलं, काहीच लपवलं नाही.

साहेबानं रजिस्टर वाचलं अन् लालबुंद झाला. रेघेबिघेकडे पाह्यलंच नाही. त्याले एवढंच दिसलं का तांड्याच्या पोरानं तांड्याच्या पाण्यात आपल्या हातानं फ्लोराईड ओतलं, अन् सीलची बाटली संपवून टाकली. डोंगरसिंग समजावत राह्यला, रेघ दाखवत राह्यला. साहेब म्हणे, तुमच्या जातीले आम्ही ओळखतो. मंग मले बोलावलं.

टेबलावर माझी कायम करण्याची फाईल होती. नऊ वर्षं मी रोजंदारीवर होतो. साहेबानं त्या फाईलवर हात ठेवून विचारलं,

"किसन, यानं त्या पाण्यात काय टाकलं?"

"फ्लोराईड टाकलं साहेब."

"तू पाह्यलं?"

"हो."

पुढचं माझ्या तोंडात होतं, राजेहो. पहिल्या नळीत काहीच टाकलं नव्हतं, हे होतं. मोजून टाकलं होतं, हे होतं. डोंगरसिंग माझ्याकडे पाहून राह्यला होता, का किसनराव आता बोलतील. मी फरशीकडे पाह्यलं. साहेब म्हणे, जा. अन् मी गेलो.

मंगळवारी कमिटीत शून्य पॉइंट आठच्या आकड्यावर सही झाली. नवी विहीर दुसऱ्या गावाले गेली. डोंगरसिंगले काढलं, वर सरकारी नमुन्यात भेसळ केल्याचा शेरा मारला. त्याले पुन्हा कुठंच नोकरी लागली नाही. पुढच्या महिन्यात मी कायम झालो. ऑफिसात पेढे वाटले मी, हरामखोर.

एकोणसत्तरात नेरकडे लग्नाले गेलतो. काय वाटलं कोण जाणे, तांड्यात शिरलो. डोंगरसिंग शेतात होता. सुखीबाई दारात बसली होती, मान गुडघ्यापर्यंत गेलेली. मी कोण हे सांगितलं, तर म्हातारी खूश झाली. म्हणे, तुमच्या साहेबानं आमच्या पाण्याले चांगलं म्हटलं होतं, अजून लोक सांगतात. तुरटी मी टाकली होती म्हणे, मी. तिले कोणी खरं सांगितलंच नव्हतं.

तिनं आत हाक मारली. पोरगी तांब्या घेऊन आली. नऊ वर्षांची लाली. गुडघे एकमेकांवर घासत होते, पावलं बाहेर फेकलेली, एकेक पाऊल टाकताना तांब्यातलं पाणी सांडे. दात तपकिरी. तिनं तांब्या पुढं केला अन् माझ्याकडे नीट पाह्यलं.

"तुम्ही किसनराव ना?" म्हणे. "बा सांगते तुमचं. तुम्ही साहेबासमोर खरं तेच बोलले म्हणे."

मी तांब्या घेतला. ते पाणी गोडच होतं.