फळ्यावरचं हाड

आमगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. उदाहरणात सोपे आकडे घ्यायची मला खोडच आहे. त्या दिवशी अर्धायुष्य शिकवत होतो. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, जमिनीत सापडलेल्या हाडाचं वय काढता येते का?"

मी खूश झालो. सांगितलं, जिवंतपणी अन्नातून किरणोत्सारी कार्बन शरीरात येत राहतो. मेल्यावर ते थांबतं आणि दर ५७३० वर्षांनी उरलेला निम्मा होतो. फळ्यावर लिहिलं: जिवंतपणी एक ग्रॅम कार्बनमधून मिनिटाला सोळा विघटनं, आता चार. सोळाचे आठ, आठाचे चार. दोन अर्धायुष्यं, म्हणजे ११,४६० वर्षं.

"एवढं जुनं नाही सर," ती म्हणाली. "मागच्या हप्त्यात आमच्या वावरात, धानाच्या बांधीत तळं खोदून राहिले होते, तवा हाताचं हाड निघालं. बाबानं परत बुजवलं. कोणाले सांगू नको म्हणते."

"जुनं नाही कशावरून?"

"प्लास्टिकची हिरवी बांगडी होती त्यात."

मला माझ्या त्या सोप्या चाराचा राग आला. मी तो पुसला आणि तिथं सोळा लिहिला. या पद्धतीनं मोजता येईल इतकंही वय झालेलं नव्हतं. खाली लिहिलं: वय, जवळजवळ शून्य.

पोरांनी मान खाली घालून ते वहीत उतरवून घेतलं. तिनं घेतलं नाही.