सात जण वाट पाहत आहेत

आत्या म्हणजे नात्याने एकाच मुलीची आत्या, पण कपडे दुरुस्त करायच्या ज्या दुकानात ती काम करते, तिथल्या पोरीसुद्धा तिला आत्याच म्हणतात. पँटची उंची कमी करणे, चेन बदलणे, लग्नाचे झगे कमरेत घेणे ही तिची कामं. दुसऱ्यांच्या लग्नाचे झगे शिवता शिवता तिकडे भारतात भाचीच्या लग्नाची तारीख आली आणि नव्या दुकानात तिची रजाच साठली नव्हती. मालकाने हात वर केले. आत्या म्हणाली, “टीव्हीवर बघू. त्यात काय एवढं!”

तसं बरंच काही होतं त्यात. भाचीची आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती, आणि स्वतः परदेशी येईपर्यंत तिच्या वेण्या आत्यानेच घातल्या. आठवड्यापूर्वी फोनवर भाची म्हणाली होती, “आत्या, हॉलमध्ये शिरताना मी आधी कॅमेऱ्याकडे बघणार. तू तिथे असशील ना?” आत्या म्हणाली, “सगळ्यांच्या आधी असेन.”

भावाने लिंक पाठवली होती. ती उघडली की नवरा-नवरीच्या फोटोचं पान यायचं, आणि त्यावर प्रक्षेपणाची वेळ. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची सकाळ, सुट्टीचा दिवस. आत्याने तेवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही. तिने मोठे दीर आणि जाऊबाईंना बोलावून ठेवलं. जाऊबाईंनी मागच्याच वर्षी आपल्या भाच्याचं लग्न असंच बघितलं होतं आणि “चित्र इतकं स्वच्छ, की नवरदेवाच्या कपाळावरचा घाम दिसत होता,” हे त्या आजवर सांगत होत्या. घामाच्या बाबतीत मागे राहणं आत्याला परवडणार नव्हतं.

म्हणून पाहुणे यायच्या तासभर आधीच घर कामाला लागलं. टीव्हीवर ते पान, आत्याच्या फोनवर ते पान, तिच्या मुलीच्या फोनवर आणि टॅबवर ते पान. बस चालवणारे यजमान आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले आणि सिग्नल सुटायची वाट बघावी तसे दर मिनिटाला पान ताजं करू लागले. त्यांचा स्वतःचा फोन चार्जिंगला होता, तोही उघडून ठेवला. जुना फोन ड्रॉवरमधून काढला, म्हटलं असू दे. एक बंद पडला तर दुसरा.

ठरलेली वेळ झाली, आणि गेली. पान म्हणत होतं, लवकरच सुरू होईल.

“लग्नाला कधी वेळेवर सुरुवात होते का?” आत्या म्हणाली. “आणि हे बघ, खाली लिहिलंय, सात जण वाट पाहत आहेत. म्हणजे माणसं आहेत, लिंक बरोबर आहे.”

सात जण कोण असतील, हेही तिने मनात लावून टाकलं. भावाच्या सासरचे, माहेरची शेजारीण, वरपक्षाचं कुणी. बाजूच्या गप्पांच्या चौकटीत तिने लिहिलं, “सर्वांना नमस्कार. मी वधूची आत्या.” तत्काळ उत्तर आलं. ड्रॅगन किंग नावाचं कुणी लिहीत होतं, “नमस्कार. आपली तब्येत कशी आहे?”

आत्या सावरून बसली. वरपक्षाचं माणूस दिसतंय, आजकालची मुलं अशीच नावं घेतात. “उत्तम. आपण नवरदेवाचे कोण?”

“फार लांबचा,” ड्रॅगन किंग म्हणाला. “पण आपली ख्याती ऐकून आहे. आपण रागीट आहात असं कळलं.”

“कोण म्हणतं?” आत्याने टाइप केलं, आणि त्याच वेळी आतल्या खोलीतून हसण्याचा असा ठसका आला की लॅपटॉप पडता पडता वाचला. मुलगी धावत आत गेली आणि ओरडली, “आई, बाबाच आहेत! माझ्या गेमच्या अकाउंटवरून!”

आत्या उशी घेऊन उठली. मारण्याचा हेतू स्पष्ट होता. पण दारात पोहोचता पोहोचता तिचा चेहरा बदलला.

“थांब,” ती मुलीला म्हणाली. “हे ड्रॅगन आपले. मग बाकीचे सहा कोण?”

मुलीने घरभर बोट फिरवलं. टीव्ही, टॅब, चार फोन, लॅपटॉप. सातही आपलेच. त्या पानावर जगात दुसरं कुणीच नव्हतं.

“अगं, मग बाकीचे कुठायत?” आत्याने उशी खाली टाकली. दोनशे माणसांचं लग्न आणि वाट पाहणारे आपणच, याचा अर्थ दोनशेंना दुसरी वाट माहीत आहे.

“ग्रुप,” मुलगी म्हणाली. “नातेवाइकांचा ग्रुप बघ.”

तो ग्रुप आत्याने कधीच नजरेआड, आर्काइव्हमध्ये टाकला होता, रोज सकाळी येणाऱ्या फुलांच्या चित्रांना कंटाळून. फुलांचा ढीग सरकवला आणि तळाशी भावाचा निरोप सापडला: हॉलचं नेट गेलं, व्हिडिओवाल्याने मोबाइलच्या नेटवरून नवीन प्रक्षेपण सुरू केलंय, जुनी लिंक चालणार नाही, ही घ्या. निरोप पाऊण तासापूर्वीचा होता.

नवीन प्रक्षेपण म्हणजे नवीन पत्ता. जुनं पान आपल्या जागी तसंच उभं राहणार, ते कितीही ताजं केलं तरी वाटच पाहत राहणार. आणि नवीन प्रक्षेपण लिंक असेल त्यालाच दिसेल असं ठेवलेलं, त्यामुळे व्हिडिओवाल्याच्या चॅनेलवर शोधूनही ते सापडलं नसतं. यजमान अपराधी चेहऱ्याने टीव्हीशी खटपट करू लागले. नवीन लिंक लागली. भाची मंचावर खुर्चीत बसली होती, आजूबाजूला गर्दी. हॉलमध्ये शिरणं कधीच होऊन गेलं होतं.

“आई, मागे नेता येतं,” मुलगी म्हणाली आणि खालची लाल रेघ बोटाने मागे ओढली. माणसं उलटी न चालता नुसती अदृश्य झाली, हॉल रिकामा झाला, दार उघडलं. भाची आली. दारातच थांबली, थेट कॅमेऱ्यात बघितलं, हात वर केला. आत्यानेही सोफ्यावरून हात वर केला.

मग भाची दोन पावलं पुढे येऊन कॅमेऱ्यामागच्या माणसाशी बोलली. आवाज गर्दीतून तुटक आला: “माझी आत्या आलीय का, दिसतंय का?” व्हिडिओवाल्याचा आवाज जवळून, स्पष्ट: “ताई, इथे फक्त आकडा दिसतो. नावं नाही दिसत.” भाचीने मान हलवली, हसली, आणि पुढे गेली. ते हसू आत्याला चांगलंच ठाऊक होतं. वेणी ओढली गेली की पोर असंच हसायची, रडू नये म्हणून.

आत्याचे डोळे वाहू लागले. तिने ते पुसलेही नाहीत. “पुढे ने. चालू आहे तिथे ने,” ती म्हणाली, आणि आपल्या फोनवर नवीन पान उघडून गप्पांच्या चौकटीत लिहिलं: “व्हिडिओवाले भाऊ, नवरीला सांगा, आत्या आली. उशीर झाला, पण आली.”

दाराची बेल वाजली.

“दादा-वहिनी आले,” यजमान उठले.

“बसा खाली.”

“अगं, ते दारात उभे...”

“अर्धं मिनिट उशिरा दिसतं इथे. तिकडे घडून गेलं असेल, इथे यायचंय. बसा!”

बेल पुन्हा वाजली. बाहेरून जाऊबाईंचा आवाज आला, “अगं, सुरू झालं का?” कुणी हललं नाही. टीव्हीवर मंच होता, कुणीतरी फोटोसाठी उभं होतं, नवरदेवाच्या कपाळावर खरंच घाम होता आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात कॅमेऱ्याजवळून व्हिडिओवाला ओरडला, “ताई! आत्या आल्या म्हणे!”

भाची सगळ्या पाहुण्यांच्या मधून, फोटो अर्धवट टाकून, उठून उभी राहिली आणि कॅमेऱ्याकडे वळली.