अठराव्या स्लाइडवरचे ‘दोन्ही’

पूर्वी शिर्के या मुलीकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते पाचवीच्या वर्गात. मी फळ्यावर आगगाडीचं गणित लिहिलं, तर तिने विचारलं, “बाई, गाडी वाटेत थांबली नाही ना?”

इंजिनिअरिंगला गेल्यावर एका संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन निजामपुऱ्यातल्या माझ्या घरी आली. सोमवारी तोंडी परीक्षा होती आणि त्याआधी सरांना त्यांच्या एका स्लाइडबद्दल मेल करायचा होता. तिने लिहिलेल्या मेलमध्ये नुसती माफीच होती, प्रश्न सापडेना.

“सरांना वाटेल, मी चूक काढते. परीक्षा तेच घेणार आहेत, बाई!”

“अगं, स्लाइडवरचं वाक्य जसंच्या तसं दे आणि विचार.”

लॉस म्हणजे वाया जाणारी वीज, हे तिने मला समजावलं. मग इंग्रजी मेल एवढाच उरला: “सर, अठराव्या स्लाइडवर ‘दोन्ही लॉस समान असताना ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता सर्वाधिक’ असं आहे. दोन्ही म्हणजे दोन वाइंडिंगमधले कॉपर लॉस, की एकूण कॉपर लॉस आणि आयर्न लॉस?”

चहा संपायच्या आत उत्तर आलं. “एकूण कॉपर आणि आयर्न. स्लाइड सुधारून सगळ्यांना पाठवतो. सोमवारी मला हे तुला विचारता येणार नाही, तेव्हा दुसरं काहीतरी वाचून ये.”

“आवजो, बाई!” असा गुजरातीत निरोप घेत ती वाचायला पळाली.

आता आमची पूर्वी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरचे आयर्न लॉस मोजते.