भेगेतली चिंधी

सामानाचा टेम्पो दारात उभा होता आणि आसिफा रिकाम्या खोलीत भिंतींचे फोटो काढत होती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. तिने लक्ष दिलं नाही. बेसिनचा नळ, खिडकीची फुटकी काच, दाराची कडी असं सगळं तिने फोनमध्ये घेतलं आणि शेवटी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली भेग. ती दोऱ्याएवढी बारीक होती, पण लांब होती. आसिफा ब्लाउज शिवते. माप घेतल्याशिवाय तिला चैन पडत नाही. गळ्यातला टेप काढून तिने तो मुलीच्या, कशफच्या हातात दिला, भेगेला लावून धरायला सांगितला आणि आणखी एक फोटो काढला.

हा धडा तिला जालन्याच्या खोलीने दिला होता. तिथून निघताना मालकाने आधीपासून तडकलेलं बेसिन तिच्या माथी मारलं आणि डिपॉझिट ठेवून घेतलं. आधीपासूनचं आहे, असं ती सांगत राहिली. दाखवायला काही नव्हतं.

म्हणून मंठ्यातल्या या नव्या खोलीत सामान उतरवण्याआधीच तिने फोटो काढले आणि त्याच दुपारी घरमालकीण पुष्पाबाईंच्या व्हॉट्सॲपवर पाठवले. पुष्पाबाई सत्तरीच्या, एकट्या. शेती गावाकडे बटईने दिलेली, नवऱ्याने बांधलेल्या या घरात पुढे त्या राहतात आणि मागची खोली भाड्याने देतात. त्यांना टाइप करता येत नाही. उत्तर म्हणून त्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. करारनामा वगैरे काही झाला नाही, सगळं तोंडी ठरलं.

नऊ महिने बरे गेले. आसिफाचा नवरा अतिक ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेरच. मोटारीच्या शिलाई मशीनवर ती दिवसभर काम करायची. लग्नसराईत गिऱ्हाइकं खोलीत मावेनात, तेव्हा बस स्टँडजवळ एक गाळा मिळाला, मागे राहायला खोली असलेला. गाळेवाल्याने सोमवारपर्यंत डिपॉझिट आणायला सांगितलं होतं. आसिफाकडे एकच आधार होता: पुष्पाबाईंकडून परत मिळणारं डिपॉझिट.

खोली ताब्यात घ्यायला रविवारी पुष्पाबाईंचा मुलगा भारत जालन्याहून आला. मे महिना. त्याने भेगेवर टांगलेलं कॅलेंडर बाजूला सारलं आणि तो थांबला. भेग आता दोऱ्याएवढी नव्हती. त्याचं करंगळीचं टोक आत गेलं.

तो आवाज न चढवता बोलला. गवंड्याला आत्ताच फोनवर विचारलंय, भिंत उकरून पट्ट्या बसवाव्या लागतील, त्यातच डिपॉझिट संपेल, असं त्याचं म्हणणं. मशीन भिंतीला टेकून होतं, दिवसभर हादरे बसले, भेग पडली.

"भारतभाऊ, ही भेग आम्ही आल्तो तव्हाच होती," आसिफा म्हणाली. "मी फोटो काढलाय."

"मंग दाखवा."

तिने फोन उघडला आणि तिला आठवलं. हा फोन नवा होता. जुना फेब्रुवारीत पाण्याच्या टाकीत पडला, त्याच्याबरोबर सगळं गेलं. आता तो फोटो कुठे असेल तर पुष्पाबाईंच्या फोनमध्ये. ज्यांच्याकडून पैसे घ्यायचे, त्यांच्याकडेच पुरावा मागायचा. पुढच्या दारी जाऊन तिने हळू आवाजात विचारलं.

पुष्पाबाईंनी फोन पुढे केला आणि त्या तिच्याबरोबर मागच्या खोलीत आल्या. त्या फोनमधलं कधी काही पुसत नाहीत. सुप्रभातच्या फुलांच्या, देवांच्या चित्रांच्या ढिगातून कशफने बोट वर वर सरकवत नेलं आणि ऑगस्टापाशी आणून थांबवलं. फोटो होता. वर तारीख होती, आणि पाठवणारी आसिफाच होती.

भारतने फोन हातात घेतला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ पाहिला.

"भेग होती, हे बराबर," तो म्हणाला. "पण हे बघा की. तुमचाच टेप लावलाय. एक रेघ बी भरत न्हाई. आता बोट जातंय. मधल्या काळात मशीन कोणाची चालली?"

आसिफाने टेप लावला होता तो खरं दिसावं म्हणून, आणि तोच टेप आता तिच्यावर उलटला होता. खोटं तो काहीच बोलत नव्हता. तिचं स्वतःचं मनही मशीनकडे गेलं. खरंच हादऱ्याने झालं असेल का? आपल्या हातून कुणाच्या घराचं नुकसान झालं असेल, तर पैसे मागायचे कोणत्या तोंडाने?

पुष्पाबाई उंबऱ्याशी टेकून बसल्या होत्या. त्यांनी फोन परत मागितला. चष्मा नीट केला.

"हे वर काय काळं दिसून राह्यलंय?"

भेगेच्या वरच्या टोकाशी, टेपच्या पलीकडे, काहीतरी अडकलेलं होतं. आसिफाने तेव्हा ते जळमट समजून सोडून दिलं होतं. कशफने चित्र आणखी मोठं केलं. कापड होतं. घडी घालून कोंबलेलं, आणि भेगेने दातात धरल्यासारखं दाबलेलं.

"माझ्या जांभळ्या लुगड्याचा काठ हाय ह्यो," पुष्पाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते भारतकडे न पाहता, फोनकडे पाहतच सांगितलं. घर काळ्या मातीवर उभं आहे. उन्हाळ्यात जमीन फाटते, तशी ही भिंतही तोंड उघडते, आणि पावसात मिटते. भारत जालन्याला राहायला गेल्यावर त्याच्या वडिलांनी हे घर बांधलं, तेव्हापासून असंच. उघड्या भेगेत विंचू निघतात, म्हणून दर उन्हाळ्यात त्या स्टुलावर चढून तिच्यात चिंध्या भरायच्या आणि पाऊस लागला की काढून टाकायच्या. मागच्या वर्षी काढायच्या वेळी गुडघ्याने साथ दिली नाही. वरची एक चिंधी राहून गेली.

"तव्हा आसिफा कुठं होती रे?" त्यांनी विचारलं. "बारक्या भेगेत घडीचं कापड जातंय का?"

भारतने भिंतीकडे पाहिलं. स्टूल ओढून तो वर चढला. चिंधी अजून तिथेच होती, मोकळी झालेली; दोन बोटांनी सहज निघाली. रंग उडाला होता, काठाची नक्षी मात्र ओळखू येत होती. त्याने ती आईच्या मांडीवर ठेवली.

"मला कधी बोलली न्हाईस," तो म्हणाला.

"तू उन्हाळ्यात येतोच कुठं."

त्याने बाहेर जाऊन कुणाला तरी फोन केला, बहुतेक गवंड्याला. परत आला तेव्हा फुटक्या काचेबद्दलही आपलं काही म्हणणं नाही, असं त्याने स्वतःहून सांगितलं आणि आईला डिपॉझिट द्यायला सांगितलं. पुष्पाबाईंनी ते कपाटातल्या डब्यातून आणून आसिफाच्या हातात ठेवलं. मोजून घे म्हणाल्या. तिने मोजलं नाही.

टेम्पो संध्याकाळी यायचा होता. जाण्याआधी आसिफाने मशीनखालची पिशवी उघडली. ब्लाउजांच्या कातरणांनी ती भरलेली होती, लाल, मोरपंखी, पिवळी. स्टुलावर चढून तिने ती भेगेत भरायला घेतली. खालून पुष्पाबाई दाबून बसव म्हणत होत्या, ढिली राहिली तर उपयोग नाही.

खाली उतरल्यावर तिने टेप लावला, तारखेचं पान दिसेल असं कॅलेंडर कशफला शेजारी धरायला लावलं आणि फोटो काढला. या वेळी तो तिने भारतला पाठवला.

"ह्यो कशाला आता?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"काकू, पुढचा भाडेकरू पावसात, भेग मिटलेली असताना आला तर?"